‘मित्र’ नको, ‘तरीही’ नको: दोन मुलांच्या सहजीवन-सोहळ्यात नातेवाइकांशी काय बोलायचं

मागच्या दिवाळीत भाच्याचा पुण्याहून फोन आला. “मावशी, जानेवारीत आम्ही दोघं घरच्यांसमोर एकमेकांना वचन देणार आहोत. गुरुजी नसणार. तू सांभाळ.” इंदूरच्या मराठी मंडळात मी बरीच वर्षं सूत्रसंचालन करते आहे. कोजागरी, गणेशोत्सव, कुणाची साठीशांत, सगळं केलंय. पण समोर बसणाऱ्यांपैकी काहींना मुळात आपण इथे का आलो हेच नीट ठाऊक नाही, असा कार्यक्रम कधी केला नव्हता. सोहळा इंदुरात ठेवायचं कारण आजी. तिला प्रवास झेपत नाही. जागा राजेंद्रनगरातल्या घराची गच्ची, पाहुणे बेचाळीस.

कमिटमेंट सेरेमनीचे शब्द लिहायचं काम तुमच्यावर पहिल्यांदाच आलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. प्रेमाची वचनं ती दोघं लिहितात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. अडतं ते नातेवाइकांना उद्देशून बोलायच्या दोन-तीन मिनिटांशी, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी यादी, मग कागद

पेन उचलायच्या आधी पाहुण्यांची यादी घ्या आणि प्रत्येक नावापुढे दोनच गोष्टी लिहा. या माणसाला नेमकं काय सांगितलेलं आहे, आणि कळल्यानंतर त्याने या दोघांसाठी केलेली एखादी छोटी गोष्ट कोणती. ‘पाठिंबा आहे’, ‘विरोध आहे’ असे रकाने करू नका. एकाच माणसाचं सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरं.

आमच्या यादीत पहिल्या रकान्यातच घोळ निघाला. आजीला सगळं माहीत होतं, भाच्याने स्वतःच सांगितलं होतं. मोठ्या काकांना त्याच्या आईकडून कळलं होतं. दोन काकूंना वाटत होतं की ही दोघं मिळून फ्लॅट घेताहेत आणि त्याचीच पार्टी आहे. ज्याला काहीच माहीत नाही त्याला माइकवरून कळता कामा नये. चारचौघांत धक्का बसला की माणूस आधी स्वतःचा चेहरा सांभाळतो, तुमचं बोलणं त्याच्या कानावर पडतच नाही. सोहळ्याच्या तीन आठवडे आधी भाच्याने त्या दोघींना वेगवेगळे फोन केले. एक म्हणाली, “बरं, येते.” दुसरी आली नाही. गच्चीवरून उठून जाण्यापेक्षा ते बरं.

दुसरा रकाना भरायला वेळ लागतो, पण पुढचं सगळं भाषण त्यातूनच निघतं. म्हणून घाई करू नका.

कार्यक्रमाचं नाव आणि कायद्याचं एक वाक्य

पत्रिकेवर काय छापायचं यावर आमच्याकडे आठवडाभर खल झाला. ‘विवाह’ लिहिलं की पहिला प्रश्न येतो, “असं होतं का आपल्याकडे?” ‘गेट-टुगेदर’ लिहिलं तर त्या दोघांनी एवढा जीव कशासाठी पाखडला? शेवटी ‘सहजीवनाचा संकल्प’ ठरलं. संकल्प हा शब्द घरातल्या प्रत्येकाने पूजेत हातावर पाणी घेऊन ऐकलेला असतो, त्यामुळे तो परका वाटत नाही. दुसरा शब्द चालत असेल तर तो घ्या, पण एकच घ्या आणि पत्रिकेपासून माइकपर्यंत तोच ठेवा.

कायद्याचा प्रश्न कुणीतरी काढतोच, बहुधा एखादे निवृत्त काका. म्हणून संचालकाला वस्तुस्थिती माहीत हवी. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंह जोहर खटल्यात निकाल दिला, तेव्हापासून दोन सज्ञान माणसांचं असं नातं हा गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रियो खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशा लग्नाला कायदेशीर मान्यता द्यायचं नाकारलं आणि तो विषय कायदेमंडळावर सोडला. म्हणजे सोहळा करायला कुणाची आडकाठी नाही, पण त्यातून नवरा-बायकोचे हक्क मिळत नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही बंधन नाही. हा शेवटचा तपशील मी पाठच करून ठेवला होता. आमच्याकडची वडीलधारी मंडळी ‘हक्क’ म्हटलं की जरा आक्रसतात, ‘नॉमिनी’ म्हटलं की पुढे सरकून बसतात.

माइकवर यातलं एकच वाक्य जातं. मी सुरुवातीला एवढंच म्हटलं, “हे सरकारदरबारी नोंदवलेलं लग्न नाही, तसा कायदा अजून आपल्याकडे नाही; आणि यात बेकायदेशीर असंही काही नाही.” बाकी सगळं जेवणाच्या पंगतीसाठी राखून ठेवा.

कोण बोलणार

माझी पहिली चूक इथेच झाली. नातेवाइकांना सांगायचं सगळं मीच लिहिलं आणि मीच बोलायचं ठरवलं. वाचून दाखवलं तेव्हा धाकटी बहीण म्हणाली, “ताई, हे शाळेतल्या बाईंसारखं वाटतंय.” खरं होतं. तिसऱ्या माणसाच्या तोंडून ‘समजून घ्या’ आलं की तो उपदेश होतो. तेच घरातल्या मुलाच्या तोंडून आलं की बोलणं होतं.

तेव्हा नियम असा: ज्याचे नातेवाईक, त्याने त्यांच्याशी बोलायचं, आणि त्यांच्या भाषेत. भाच्याचा जोडीदार उज्जैनचा, घरात हिंदी आणि माळवी. तो त्याच्या बुआजी-फूफाजींशी हिंदीत बोलला, भाचा आपल्या लोकांशी मराठीत. मी दोन्हींचं भाषांतर केलं नाही. इंदुरात ते लागतही नाही, पण कारण तेवढंच नव्हतं. प्रत्येक बाजूला वाटायला हवं की हे आपल्यापाशी बोललं गेलं.

पहिला खर्डा आणि त्याची चिरफाड

भाच्याने पहिल्यांदा लिहून पाठवलं ते असं होतं:

“आज आपण सर्वजण येथे उपस्थित राहिलात, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. हे स्वीकारणं आपल्यासाठी सोपं नव्हतं याची आम्हाला जाणीव आहे. तरीही आपण मोठ्या मनाने आम्हाला स्वीकारलंत. शेवटी प्रेम हे प्रेमच असतं.”

वाईट काहीच नाही. पण ओळीने बघा.

‘आपण’ हा व्यासपीठावरचा शब्द. काकांना तो जन्मात ‘आपण’ म्हणालेला नाही. काका ‘तुम्ही’, आई आणि आजी ‘तू’. रोज जे म्हणतो तेच माइकवरही म्हणायचं, त्या दिवशी संबोधन बदललं की लोकांना वाटतं मुलगा दूर गेला. सगळ्यांना मिळून ‘तुम्ही’, आणि एकेकाकडे वळलं की त्याचं त्याचं. कागदावर हे खटकतं, ऐकताना खटकत नाही.

‘तरीही’. या एका शब्दाने सगळं बिघडतं. ‘तरीही आलात’ म्हणजे ‘खरं तर तुम्ही यायचे नव्हतात’. तोच डंख ‘सुद्धा’ला आहे, ‘काकासुद्धा आले’. आणि शेपटीच्या ‘च’लाही: ‘आलात’ आणि ‘आलातच’ मोठ्याने म्हणून बघा. आभाराच्या वाक्यात हे तीन शब्द दिसले की खोडा, उरलेलं वाक्य बहुतेक वेळा जसंच्या तसं उभं राहतं.

‘स्वीकारलंत’. कुणी स्वीकारलंय? काकांनी नाही, त्यांना अजून ते जमलेलं नाही आणि ते प्रामाणिकपणे तसं सांगतात. त्यांच्या वतीने आपण जाहीर केलं तर ते खोटं ठरतं, आणि तिथे गप्प बसावं लागल्याचा राग त्यांच्या मनात राहतो. दुसऱ्याच्या मनाबद्दल बोलू नका. त्याने केलेल्या कृतीबद्दल बोला, ती नाकारता येत नाही. दुसरा रकाना भरायचा तो यासाठीच.

‘मोठ्या मनाने’ म्हटलं की बोलणारा आपोआप लहान होतो, जणू काही माफी मागायची आहे. ‘प्रेम हे प्रेमच’ आजीच्या कानांवरून वाहून जातं.

तर शेवटी काय म्हटलं

चार गोष्टी, याच क्रमाने: आम्ही एकमेकांचे कोण आहोत ते एकदा सरळ सांगणं, तुम्ही आज काही ठरवायची गरज नाही हे सांगणं, तुम्ही केलेली नेमकी गोष्ट आठवणं, आणि एकच, लहानसं, करता येण्याजोगं मागणं. पाचवं काही नको.

भाच्याच्या परवानगीने त्याचा कागद इथे देते. जोडीदाराचं नाव होतं तिथे ‘हा’ केलं आहे.

“आजी, आई, बाबा, काका, काकू, आणि सगळेच. याच गच्चीवर मी लहानपणी आजीचे पापड राखत बसायचो, आणि निम्मे कावळे नाही, मीच खायचो.

“हा आणि मी सहा वर्षं एका घरात राहतो. आम्ही एकमेकांचे जोडीदार आहोत. आयुष्यभर तसंच राहायचं आम्ही ठरवलंय, आणि ते तुमच्यासमोर म्हणायचं होतं. म्हणून इथे आलो.

“हे ऐकून प्रत्येकाच्या मनात वेगवेगळं येत असेल. आज त्यातलं काही नक्की करायची गरज नाही. मला स्वतःलाच हे स्वतःपाशी कबूल करायला दहा वर्षं लागली. तुम्हाला कळून फार तर तीन झाली आहेत.

“आजी, मागच्या उन्हाळ्यात तू मला फोनवर विचारलंस, याला लोणचं तिखट चालतं का. काका, मला टायफॉइड झाला तेव्हा तुम्ही रोज रात्री याला फोन करून ताप विचारलात. ते आम्हा दोघांच्या लक्षात आहे.

“एकच मागणं आहे. घरात काही असलं, सत्यनारायण असो नाहीतर कुणाचं बारसं, तर निरोप दोघांना द्या. यायला जमेल की नाही ते आम्ही बघू. निरोप मात्र दोघांना.

“आणि काही विचारायचं असेल तर मला विचारा. आज, उद्या, वर्षाने, केव्हाही. आईला नका विचारू. तिने पुष्कळ उत्तरं दिली.”

सावकाश वाचलं तर याला पावणेदोन ते दोन मिनिटं लागतात. जोडीदाराचंही तेवढंच. याहून लांब गेलं की लोक खुर्चीत हलायला लागतात, आणि अशा प्रसंगी खुर्चीतली हालचाल बोलणाऱ्याला नापसंतीसारखी दिसते.

शेवटचं आईबद्दलचं वाक्य मी सुचवलेलं नाही. पण असं वाक्य प्रत्येक घरात सापडेल. मुलाने सांगून टाकल्यावर पुढची सगळी वर्षं खिंडीत उभी राहते ती आई, हळदीकुंकवात, भिशीत, सराफ्यात कुणी भेटलं तरी. तिची ती ड्यूटी जाहीरपणे संपवणं हे या सोहळ्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य ठरलं, असं मला वाटतं.

आता ‘जोडीदार’बद्दल. समलिंगी हा शब्द भाषणात ठेवायचा का, यावर त्या दोघांत मतभेद होता. माझं मत असं की शब्द चुकीचा नाही, लपवायचाही नाही, पण आजीच्या पिढीला त्यातला ‘लिंग’ आधी ऐकू येतो आणि पुढचा मिनिटभर त्या तिथेच अडकतात. ‘जोडीदार’ पुरेसा स्पष्ट आहे. जो शब्द अजिबात नको तो ‘मित्र’. मराठी घरांत ‘हा त्याचा मित्र’ ही वर्षानुवर्षांची पळवाट आहे, सोहळ्याच्या दिवशी ती आपणच उघडून द्यायची नाही.

नात्याला काय म्हणायचं

हा प्रश्न भाषणात येत नाही, पण गच्चीच्या जिन्यातच येतो. काकूने आल्या आल्या विचारलं, “म्हणजे हा आमचा जावई की सून?” तिने थट्टेने विचारलं नव्हतं. आपल्याकडे माणूस घरात येतो तो नात्याच्या नावाने येतो, मान, आहेर, पंगतीतली जागा सगळं त्यावर ठरतं. नाव नसेल तर त्याला बसवायचं कुठे?

जावई-सुनेच्या मागे जाऊ नका. त्यातून ‘तुमच्यात बायको कोण’ हा प्रश्न फुटतोच. घरातली मुलं काय म्हणतील तिथून सुरुवात करा. भाच्याच्या पुतणीने आधीच जोडीदाराला ‘काका’ करून टाकलं होतं, मग मोठ्यांनाही दिशा मिळाली. वडीलधाऱ्यांसाठी नुसतं नाव पुरतं. आईवडिलांच्या जोडीला मात्र शब्द तयार आहे. उज्जैनच्या मंडळींना आमच्याकडे त्या दिवशी ‘व्याही’ म्हटलं गेलं, त्यांनी ‘समधी’ म्हटलं, आणि कुणाला अडचण आली नाही. हे शब्द आईबापांना आईबापांशी जोडतात, मुलगा कोण आणि मुलगी कोण ते विचारत नाहीत.

सात पावलं

लग्नविधीतलं किती घ्यायचं? दोन्ही टोकं अवघड. सगळं घेतलं तर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना नक्कल वाटते, काहीच नाही घेतलं तर वाढदिवस वाटतो. कन्यादान, मंगळसूत्र, अंतरपाट आम्ही सोडले, कारण ते वधू आणि वर या जागांवरच उभे आहेत. सप्तपदी घेतली, पण मंत्र न म्हणता, अर्थ सांगून.

सप्तपदीची सात पदं क्रमाने अशी: अन्न, बळ, धनाची भरभराट, सुख, प्रजा, ऋतू, आणि सातवं सख्य. ‘सखा सप्तपदी भव’. लग्नात हे इतक्या भरभर म्हटलं जातं की पन्नास वर्षं संसार केलेल्यांनाही सातव्या पावलाला काय म्हटलं होतं ते ठाऊक नसतं. मी ते सांगितलं तेव्हा आजीच्या शेजारी बसलेल्या बाई एकमेकींकडे बघून हसल्या. (एका भाषणात ‘मित्र’ हाकलून द्यायचा आणि लगेच ‘सखा’ला पाटावर बसवायचं, हे मला लिहिताना विचित्र वाटलं होतं. पण ज्याच्याबरोबर सहा पावलं चालून झाली आहेत, तो सखा वेगळा.)

अडचण पाचव्या पावलाची. प्रजा. गाळलं तर सहाच पावलं राहतात आणि सगळ्यांच्या लक्षात येतं काय गाळलं ते. तसंच ठेवलं तर खुर्च्यांत कुजबूज. त्या दोघांनी तिथे म्हटलं, “घरातल्या ज्या मुलांना आपण खांद्यावर घेतलं, त्यांच्या शिक्षणाला, आजारपणाला आपण दोघं उभे राहू.” पुतणी समोर होतीच. आपल्या जोडीसाठी हे वाक्य काय असेल ते त्या दोघांनाच विचारा, आणि उत्तर खरं असू द्या. मूल दत्तक घेऊ असं माइकवर म्हणू नका: आजच्या नियमांत त्यांना जोडपं म्हणून ते करता येत नाही.

गच्चीवर तांदळाच्या सात छोट्या राशी एका रेषेत मांडल्या आणि दोघं शेजारी शेजारी चालले. पुढे कोण, मागे कोण हा प्रश्नच उरला नाही. होम नव्हता, समई होती, आणि जानेवारीतला वारा असल्यामुळे ती दोनदा विझली. काचेचा कंदील जवळ ठेवा.

पाहुण्यांनी काय करायचं

परदेशी कार्यक्रमांत पाहुण्यांना विचारतात, “तुम्ही यांना साथ द्याल का?” आणि सगळे एका सुरात हो म्हणतात. हे करू नका. बेचाळीस माणसांत पंधरा गप्प बसली तरी ती शांतता ऐकू येते, आणि जो गप्प बसला त्याच्याकडे त्याचीच बायको बघते.

मी मंगलाष्टकाच्या वृत्तात एक ओळ रचली होती, ‘आलो आज तुम्हां समोर सगळे, नाते नवे बांधुनी’. शार्दूलविक्रीडितात बसते, मोजून बघा. चालीवर म्हणायचा मोह होता. मग लक्षात आलं की ती चाल सुरू झाली की ‘शुभ मंगल सावधान’ लोकांच्या तोंडून आपोआप निघतं, आणि ज्याला ते म्हणायचं नव्हतं तो घरी जाऊन चिडतो की आपल्याकडून वदवून घेतलं. ओळ पत्रिकेवर गेली, माइकवर नाही.

अक्षता मात्र हव्यात. पण ताट फिरवू नका, ताट फिरलं की नकार दिसतो. प्रत्येक खुर्चीवर आधीच छोटा द्रोण ठेवा, अर्धा किलो तांदूळ चाळीस-पन्नास जणांना पुरतो. आणि ‘ज्यांची इच्छा असेल त्यांनी’ असं चुकूनही म्हणू नका. मी “आता अक्षता” एवढंच म्हटलं. तांदूळ उडत असताना कोणाचा हात वर गेला नाही हे कुणाला दिसत नाही.

फोटोंचं एकच सांगणं, तेही सुरू व्हायच्या आधी: मोबाइल खिशात, फोटो एकच जण काढेल, आणि कुठलाही फोटो त्यातल्या माणसाला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही. जी माणसं अजून चाचपडताहेत त्यांची खरी भीती देवाधर्माची नसते, फॅमिली ग्रुपची असते.

आधी एकदा वाचून दाखवा, आणि माइक हातातून सोडू नका

कागद तयार झाला की जो नातेवाईक सगळ्यात अवघड आहे, पण बोलायला तयार आहे, त्याला वाचून दाखवा. परवानगी मागायला नव्हे, कुठे टोचतं ते कळायला. सोहळ्याच्या दोन दिवस आधी भाचा काकांकडे गेला. मूळ कागदात वाक्य होतं, “तुमच्यापैकी काहींना हे पटलेलं नाही.” काका म्हणाले, “हे म्हणू नकोस. सगळे माझ्याकडे बघतील.” म्हणून ते ‘प्रत्येकाच्या मनात वेगवेगळं’ झालं. टायफॉइडचं वाक्य त्यांनी ऐकून घेतलं आणि काही बोलले नाहीत, त्यामुळे ते राहिलं. ज्याचं नाव घेऊन आभार मानायचे त्याला आधी सांगितलेलं असलंच पाहिजे, आजीलाही.

कागद मोठ्या अक्षरात छापा, दोन प्रती. कंठ दाटला तर कुठून कोण पुढे वाचेल ते ठरवून ठेवा. भाचा लोणच्यापाशी थांबला. अर्धा मिनिट थांबला. मी प्रत घेऊन तयार होते, पण त्याने हाताने खूण केली आणि स्वतःच पुढे गेला.

मी एका ठिकाणी कमी पडले. अक्षता झाल्यावर माइक स्टँडवर ठेवून पाणी प्यायला वळले, तेवढ्यात उज्जैनचे फूफाजी उठले, “दो शब्द” म्हणाले, आणि अगदी मनापासून बोलले, “बच्चों की दोस्ती ऐसे ही बनी रहे.” गच्चीवर टाळ्या पडल्या. भाच्याच्या जोडीदाराने खाली बघितलं. मी फूफाजींचे आभार मानले आणि जेवणाची घोषणा केली. दुरुस्त केलं नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांबद्दल चारचौघांत काही चांगलं म्हटलं होतं, आणि त्याच जागी त्यांना खोडणं मला जमलं नसतं. तुम्ही शेवटच्या शब्दानंतर माइक बंद करा, वायर काढा आणि मगच पाणी प्या.

जे आले नाहीत त्यांचं

न आलेल्यांना व्हिडिओ पाठवू नका. व्हिडिओत स्वतःची गैरहजेरी दिसते आणि मग माणूस ती समजावून द्यायला लागतो. भाच्याने न आलेल्या काकूला आणि देवासच्या आत्याला एवढाच निरोप पाठवला, “कार्यक्रम छान झाला, तुझी आठवण काढली. लोणच्याची बरणी तुझ्यासाठी ठेवली आहे.” काकूचं उत्तर आलं नाही.

आत्याचंही लगेच आलं नाही. मार्चमध्ये तिच्या नातवाची मुंज होती. पुण्याच्या पत्त्यावर पत्रिका गेली, पाकिटावर दोन नावं होती. दुसऱ्या नावात वेलांटी चुकलेली होती. भाच्याने फोटो काढून मला पाठवला आणि विचारलं, सांगायचं का तिला? मी म्हटलं, मुंज होऊन जाऊ दे.